लिहून घेणार, लिहून देणार

जमिनीचं किंवा फ्लॅटचं खरेदीखत उघडलं की सुरुवातीलाच दोन पक्ष भेटतात. एका नावाशेजारी लिहिलेलं असतं 'लिहून घेणार' आणि दुसऱ्या नावाशेजारी 'लिहून देणार'. खरं तर या दोघांपैकी कुणीही काही लिहिलेलं नसतं. मजकूर वकिलाने नाहीतर दस्तलेखकाने तयार केलेला असतो, टाइप तिसऱ्याच कुणीतरी केलेला असतो, आणि या दोघांनी खाली फक्त सह्या किंवा अंगठे केलेले असतात. तरी घोटाळा होत नाही. लिहून घेणार तो खरेदीदार आणि लिहून देणार तो विकणारा, हे व्याकरणाचं पुस्तक कधी न उघडलेल्या माणसालाही बरोबर कळतं. लिहिण्याची क्रिया एकच आहे. त्या लिहिण्यामुळे काय कुणाच्या पदरात आलं आणि कुणाच्या हातून गेलं, एवढंच 'घेणे' आणि 'देणे' इथे सांगतात. आणि तेवढ्यावर घराची मालकी ठरते.

शाळेत आपण याला संयुक्त क्रियापद म्हणून शिकलो. एक धातुसाधित, त्याच्यामागे एक सहायक क्रियापद, आणि दोघांची मिळून एकच क्रिया. परीक्षेत ते ओळखून दोन गुण मिळवले की विषय संपायचा. सहायक म्हणून आलेलं क्रियापद नेमकी काय साहाय्यता करतं, हा प्रश्न मागे राहायचा. मराठीत अशी सहायकं बरीच आहेत: टाकणे, बसणे, जाणे, ठेवणे, काढणे. त्यांतली घेणे, देणे आणि पडणे ही तीन शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर एक व्यवस्था दिसते. पहिलं सांगतं की क्रियेचं फळ करणाऱ्याकडे आलं. दुसरं सांगतं की ते त्याच्यापासून बाहेर गेलं. तिसरं सांगतं की करणारा असा कुणी उरलाच नाही, जे व्हायचं ते होऊन बसलं.

त्याआधी एक खबरदारी. 'ऊन' लागलेलं रूप आणि पुढे घेणे-देणे आलं की प्रत्येक वेळी संयुक्त क्रियापद होतंच असं नाही. 'पुस्तक वाचून दे' यात दोन वेगळ्या क्रिया आहेत: आधी वाच, मग परत दे. 'अर्ज लिहून दे' यात मात्र बहुधा एकच क्रिया असते, माझ्यासाठी लिही. ओळखायची सोपी युक्ती अशी की दोन शब्दांच्या मध्ये 'मग' घालून बघावं. 'पुस्तक वाचून मग दे' हे वाक्य तेच राहतं. 'मला गणित सोडवून मग दे' म्हटलं की वाक्य बिघडतं, कारण गणित सोडवल्यानंतर द्यायचं असं वेगळं काही उरलेलंच नसतं. तिथे 'देणे' आपला मूळ अर्थ सोडून दुसऱ्याच कामाला लागलेलं असतं.

घेणे: फळ वळून आपल्याकडे

'जेव' आणि 'जेवून घे' यांत फरक काय? जेवण तेच, जेवणाराही तोच. पण 'जेव' ही नुसती आज्ञा आहे. 'जेवून घे' म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात पुढचं काहीतरी असतं: गाडीची वेळ झाली आहे, पाहुणे येणार आहेत, नंतर सवड मिळणार नाही. 'पाणी जायच्या आत आंघोळ करून घे', 'उजेड आहे तोवर धान्य निवडून घे', 'परीक्षेआधी एवढा धडा वाचून घे'. संधी आहे तोवर ती क्रिया पुरी करून आपल्या खात्यावर जमा कर, असा तो अर्थ आहे. म्हणून 'तो जेवला नाही' ही साधी बातमी असते. 'त्याने जेवून घेतलं नाही' म्हटलं की त्यात हळूच तक्रार येते. वेळ होती, घ्यायला हवं होतं, घेतलं नाही.

'घेणे' म्हणजे स्वतःचा फायदा, असं पुष्कळदा सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. 'कापणे' हे एकच क्रियापद घेऊन बघू. 'आईने आंबा कापला' यात फळ कुणाला गेलं ते कळत नाही. 'आईने आंबा कापून दिला' म्हटल्यावर समोर कुणीतरी खाणारा आला. 'मी केस कापून घेतले' म्हणजे कात्री न्हाव्याने चालवली, पण कापलेलं डोकं घेऊन मी बाहेर पडलो. इथपर्यंत फायद्याची व्याख्या चालते. आता 'माझं बोट कापलं' आणि 'मी बोट कापून घेतलं' ही दोन वाक्यं बघा. पहिल्यात बोटाला झालेली इजा सांगितली आहे. दुसऱ्यातही फायदा काही नाही, रक्त तेवढंच आलं. पण इथे इजा माझ्याच हाताने माझ्यावर आली. म्हणूनच पहिलं वाक्य ऐकून माणसं हळद आणायला धावतात आणि दुसरं ऐकून आधी विचारतात, 'लक्ष कुठे होतं?' आपल्याच पायावर धोंडा मारून घेण्यात कुणाचंच भलं नसतं, तरी ती म्हण 'घेणे'शिवाय उभी राहत नाही. तेव्हा फायदा की तोटा हा प्रश्न इथे दुय्यम आहे. क्रिया वळून कर्त्याकडे परत येते, हे महत्त्वाचं.

हे धरून चाललं की एरवी विसंगत वाटणारी उदाहरणं ओळीत बसतात. 'साहेबांचं सगळं ऐकून घेतलं' म्हणजे ऐकून पोटात घातलं, उलट बोललो नाही. 'तुला बघून घेईन' ही धमकी आहे, कारण हिशोब मी माझ्यापुरता चुकता करणार आहे. आणि 'सांभाळून घ्या'? भाषणाच्या सुरुवातीला नवखा वक्ता म्हणतो, 'काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.' इथे भलं वक्त्याचं व्हायचं आहे, सांभाळणाऱ्या श्रोत्यांचं नव्हे. मग 'सांभाळून द्या' का नाही? कारण त्याला आपली चूक श्रोत्यांनी स्वतःकडे ओढून घ्यायला हवी आहे. समजून घेणे, सामावून घेणे, मानून घेणे ही सगळी याच घरची माणसं. भलं कुणाचंही होवो, ओढ आतल्या दिशेला आहे.

या सहायकाचा अंमल किती पक्का आहे हे भूतकाळात दिसतं. प्रमाण मराठीत आपण म्हणतो, 'तो जेवला', 'ती शिकली', 'मी चहा प्यायलो'. या क्रियापदांना भूतकाळात 'ने' लागत नाही, क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं. आता 'घेणे' जोडा. 'त्याने जेवून घेतलं.' 'तिने स्वयंपाक शिकून घेतला.' 'मी चहा पिऊन घेतला', आणि हेच वाक्य एखादी बाई बोलली तरी रूप 'घेतला' असंच राहतं, कारण ते आता चहाकडे बघून ठरतं. जेवणं, शिकणं, पिणं हा अर्थ मुख्य धातूचा आहे, पण प्रयोग ठरवला 'घेणे'ने. त्याला 'ने' लागतो म्हणून साऱ्या वाक्याला 'ने' लागला. सहायक म्हणवणारं क्रियापदच इथे कारभारी आहे.

देणे: आपल्याकडून बाहेर

'आजीला फोन लाव' आणि 'आजीला फोन लावून दे' ही दोन वाक्यं एकाच घरात, एकाच दिवशी, एकाच मुलाला सांगितली जातात. पहिल्यात आजी गावाला आहे आणि तिच्याशी आपल्याला बोलायचं आहे. दुसऱ्यात बहुधा आजी शेजारी खुर्चीत बसलेली असते, तिला नातेवाइकांशी बोलायचं असतं आणि चष्मा सापडत नसतो. 'आजीला' हा शब्द जिथल्या तिथे आहे. फक्त 'देणे' आल्याने आजी फोनच्या त्या टोकावरून या टोकाला आली.

हे घडतं कारण 'देणे' स्वतःबरोबर एक रिकामी जागा घेऊन येतं. ज्याच्यासाठी केलं तो माणूस त्या जागेवर 'ला' लावून बसतो. 'त्याने मला गणित सोडवलं' हे वाक्य कानाला खटकतं. 'त्याने मला गणित सोडवून दिलं' खटकत नाही. सोडवणे या क्रियापदात 'मला' बसवायला जागा नव्हती, ती 'देणे'ने केली. 'मला सायकल घेतली' असं आपण ओढूनताणून म्हणू शकतो, पण 'मला सायकल घेऊन दिली' यात सगळं स्वच्छ होतं: पैसे कुणाचे, सायकल कुणाची. या वाक्यात गंमत अशी की 'घेणे' इथे मुख्य क्रियापद आहे, विकत घेणे या अर्थाचं, आणि सहायक आहे 'देणे'. बाजारातून घेतलं आणि घरात दिलं, हे दोन शब्दांत झालं.

पण 'देणे' म्हणजे नेहमी उपकार असंही नाही. 'भाडेकरूला हाकलून दिलं', 'मला ढकलून दिलं', 'दोघांत भांडण लावून दिलं' या वाक्यांत कुणाचं काय भलं झालं? 'टाकून दे', 'सोडून दे', 'फेकून दे' यांत तर घेणारा कुणी नसतोच. इथेही 'घेणे'च्याच शेजारचा नियम आहे. क्रिया कर्त्यापासून सुटून बाहेर गेली. बाहेर कुणी हात पुढे करून उभं असेल तर ती मदत ठरते, कुणी नसेल तर नुसतं सोडणं, आणि कुणी नकोसं असेल तर हाकलणं. म्हणून 'त्याने घर विकून दिलं' ऐकलं की आपण लगेच विचारतो, 'कुणाला?' म्हणजे कुणाच्या घराचा व्यवहार याने जमवला? स्वतःचंच घर नकोसं होऊन विकलं असेल तर मराठी माणूस 'विकून टाकलं' म्हणतो. बाहेर घालवणं आणि दुसऱ्यासाठी करणं यांतली सीमा मराठीने 'टाकणे' आणि 'देणे' यांच्यामध्ये अशी बरीचशी आखून ठेवली आहे.

आणखी एक 'देणे' आहे, ते यात मिसळू नये. 'मुलांना खेळू दे', 'तिला बोलू दे', 'जाऊ दे'. इथे 'ऊन' नाही, नुसता 'ऊ' आहे, आणि अर्थ परवानगीचा आहे. क्रिया करणारा माणूसच दुसरा असतो: खेळणार मुलं, देणारा मी. एका 'न'चा फरक, पण 'त्याला पत्र लिहू दे' आणि 'त्याला पत्र लिहून दे' यांत लेखणी वेगवेगळ्या हातांत जाते.

ही वाटणी जुनी आहे

क्रियेचं फळ करणाऱ्याला की दुसऱ्याला, ही विचारणा या भूमीतल्या भाषांत फार पूर्वीपासून आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत काही धातूंबाबत नियमच आहे की फळ कर्त्याला मिळणार असेल तर आत्मनेपदाची रूपं वापरावीत. यजमान स्वतःसाठी यज्ञ करतो तेव्हा 'यजते' आणि पुरोहित त्याच्यासाठी करतो तेव्हा 'यजति', हे त्याचं नेहमीचं उदाहरण. प्रत्यक्ष संस्कृत साहित्यात हा भेद पुढे फारसा काटेकोरपणे पाळला गेला नाही, आणि आपलं 'करून घेणे' त्या रूपातून उतरलं असंही म्हणता येत नाही. शब्द नवे आहेत, प्रश्न तोच आहे.

शेजारी बघितलं तर हिंदीत 'कर लेना' आणि 'कर देना' आहे. सोलापूर-कोल्हापूरच्या पलीकडे कन्नडात 'माडु' म्हणजे करणे, त्यावरून 'माडिकोळ्ळु' म्हणजे करून घेणे आणि 'माडिकोडु' म्हणजे करून देणे. 'कोळ्ळु' घेण्याचं आणि 'कोडु' देण्याचं क्रियापद आहे. हिंदी आर्य कुळातली, कन्नड द्राविड कुळातली. कुळं वेगळी असून पद्धत एक. कॉलिन मसिका या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९७६ साली दक्षिण आशियाला एक भाषिक प्रदेश म्हणून मांडणारं पुस्तक लिहिलं, त्यात अशा संयुक्त क्रियापदांना या प्रदेशाच्या खुणांपैकी एक मानलं आहे. मराठी दोन्ही कुळांच्या सीमेवर राहते. तिला हे दोन्हीकडून रोज ऐकू येत आलं आहे.

पडणे: कर्ता गळून जातो

घेणे आणि देणे यांत शेजारी भाषा एकमेकींसारख्या वागतात, पण 'पडणे'पाशी मराठी हिंदीची वाट सोडते. हिंदीत 'वह हँस पड़ा', 'वह रो पड़ी', 'वह चल पड़ा' यांतला 'पड़ना' अचानकपणा सांगतो. मराठीत 'तो हसून पडला' म्हटलं तर तो खरोखरच हसता हसता जमिनीवर आला असं वाटेल. आपण म्हणतो, त्याला हसू फुटलं, तिला रडू कोसळलं, तो चालू लागला. हिंदीतून घाईने भाषांतर केलेल्या मजकुरात हे चटकन पकडता येतं.

मराठी 'पडणे' अचानकपणापेक्षा त्यानंतरची स्थिती दाखवतं. 'गाडी घाटात अडकली' म्हणजे अडकण्याचा प्रसंग घडला, कदाचित दहा मिनिटांत सुटलीही असेल. 'गाडी घाटात अडकून पडली' म्हटलं की पुढचे काही तास डोळ्यांसमोर येतात: बंद इंजिनं, खाली उतरलेली माणसं, शेंगा विकणारी पोरं. पैसे बँकेत अडकतात, बँक बुडाली की अडकून पडतात. झाड मोडतं, वादळात उन्मळून पडतं. माणूस खचतो, आणि मोठ्या धक्क्याने कोलमडून पडतो. या सगळ्यांत दोन गोष्टी एकत्र येतात. जे झालं ते पूर्ण झालं, आणि ज्याचं झालं त्याच्या हातात काही उरलं नाही.

म्हणूनच 'पडणे' कुठल्याही क्रियापदामागे उभं राहत नाही. त्याला अकर्मक क्रियापद लागतं, तेही आपोआप घडणाऱ्या गोष्टीचं: अडकणे, मोडणे, गळणे, कोसळणे. 'लिहून पडला', 'वाचून पडला' असं काही नसतं. 'घेणे' याच्या बरोबर उलट आहे. त्याला जाणूनबुजून वागणारा, निदान चूक तरी करू शकणारा कर्ता लागतो. 'झाडाने सुकून घेतलं' हे कवीने म्हटलं तर म्हटलं, एरवी नाही. 'मुलं जेवणावर तुटून पडली' हे उदाहरण वरवर आडवं येतं, कारण मुलं तर मनापासून जेवत असतात. पण नीट ऐकलं तर तिथेही आवर सुटलाच आहे, ताटावर शिस्तीने बसणारी मुलं तुटून पडत नाहीत.

एकाच माणसाची एकच हकिकत या दोन सहायकांनी सांगून बघितली की त्यांचं वजन कळतं. 'तो कर्जात अडकून पडला.' 'त्याने कर्जात स्वतःला अडकवून घेतलं.' कर्ज तेवढंच, हप्ता तेवढाच. पहिलं वाक्य बोलणारा माणूस त्याची बाजू घेतो आहे आणि दुसरं बोलणारा त्याला दोष देतो आहे. पहिल्यात 'अडकणे' अकर्मक आहे आणि कर्त्याला 'ने' नाही. दुसऱ्यात 'अडकवणे' सकर्मक झालं, 'ने' आला आणि 'ने'बरोबर जबाबदारी आली.

ऊन-रूपाशिवायही 'पडणे' हेच काम करतं. 'दुकान बंद झालं' म्हणजे रात्रीचे नऊ वाजले. 'दुकान बंद केलं' म्हणजे मालकाने ठरवलं. 'दुकान बंद पडलं' म्हणजे धंदा बसला. एसटी वाटेत बंद पडते, ती कधीच वाटेत 'बंद होत' नाही. ओस पडणे, कमी पडणे, महागात पडणे, एखादी गोष्ट करणं भाग पडणे: कुठेही कुणी काही केल्याचा सुगावा लागत नाही.

या गुणामुळेच 'पडणे' बातम्यांत आणि सरकारी खुलाशांत सोयीचं ठरतं. 'प्रस्ताव मंत्रालयात अडकून पडला आहे' हे वाक्य व्याकरणाला धरून आहे आणि त्यात कुठल्याही टेबलाचा उल्लेख नाही. 'प्रस्ताव अडवून ठेवला आहे' म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कुणी? पहिल्या वाक्यावर तो प्रश्न विचारायला व्याकरणात जागाच ठेवलेली नाही. वाचताना 'पडून', 'पडला', 'पडले' दिसलं की ते वाक्य सकर्मक क्रियापदात फिरवून बघावं. कर्ता सापडला तर कळतं की तो कुठे लपला होता. पूल कोसळून पडला असेल आणि खरंच पुराने पडला असेल, तर तो फिरवूनही कुणी सापडणार नाही, आणि मग 'पडणे'च बरोबर.

मुंबईच्या गिरण्यांबाबत हा वाद आजही या एका क्रियापदावर उभा आहे. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि त्यानंतरच्या वर्षांत गिरण्या एकामागून एक थांबल्या. 'गिरण्या बंद पडल्या' असं एक माणूस सांगतो. त्याच्या सांगण्यात संप, जुनी यंत्रं, यंत्रमागांची स्पर्धा आणि काळ हे सगळं मिळून ते होऊन गेलेलं असतं. गिरणगावातला दुसरा माणूस त्याला तिथेच थांबवतो, 'पडल्या नाहीत, पाडल्या.' पडणेचं प्रयोजक रूप पाडणे, त्याला कर्ता लागतो, आणि तो कोण हे सांगायला हा दुसरा माणूस तयार असतो: कधी मालक, कधी सरकार, कधी जमिनीचे भाव. दोघांना एकाच घटना माहीत आहेत, तारखांबद्दल त्यांचं दुमत नाही. त्यांचं भांडण एका कान्याचं आहे.